१४. एक कप पिठी

मूळ अमेरिकी कृतीतला कप म्हणजे सुमारे २४० मिलिलिटरचे ठरलेले माप. मराठी घरांतली वाटी बहुधा त्याहून लहान आणि घरोघरी वेगळी. तरीही भाषांतरात उकडीच्या मोदकांसाठी कपाची वाटी केली आहे, कारण इथे प्रमाण महत्त्वाचे: जितकी पिठी तितकेच पाणी, दोन्ही एकाच वाटीने. पिठी वाटीने आणि पाणी मात्र २४० मिलिलिटर मोजून घेतले, तर उकड सैल पडते आणि पारी हातात टिकत नाही. ग्रॅम देणे अचूक ठरले असते, असा आक्षेप येईल. पण तांदूळ जुना की नवा यावर पिठी किती पाणी पिते हे बदलते, आणि पारीची कड चिरली की पाण्याचा हात लावून उकड पुन्हा मळावीच लागते. ते काम वजनकाटा करत नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नेही (१९७०) वाटी-चमच्याचेच माप वापरले. केकचे तसे नाही. तिथे कपभर मैदा सुमारे १२५ ग्रॅम, आणि ३५० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे १८० अंश सेल्सिअस, असे आकडेच दिले आहेत.

मुळातली ‘9/7/2024’ ही तारीख ७ सप्टेंबर, म्हणजे त्या वर्षीची गणेश चतुर्थी. प्रभादेवीतला वाचक ती ९ जुलै अशी वाचेल, म्हणून महिना अक्षरी लिहिला. डॉलरमधल्या किमती गाळल्या आहेत. रुपयांत बदलूनही त्या इथल्या बाजाराच्या ठरत नाहीत.