विमा विवरणपत्राच्या प्रतिमेतून हप्ते, बोनस आणि समर्पण मूल्याची नोंद

आयुर्विमा पॉलिसीचे विवरणपत्र आता अनेक विमेदारांकडे छायाचित्राच्या किंवा पडद्यावरून टिपलेल्या प्रतिमेच्या रूपात असते. भरलेले हप्ते, जमा झालेला बोनस आणि समर्पण मूल्य, अर्थात सरेंडर व्हॅल्यू, या तीन गोष्टी त्यातून कायमस्वरूपी नोंदवहीत उतरवून घ्यावयाच्या असतात. पॉलिसी पुढे चालू ठेवायची की बंद करायची, याचा निर्णय बहुधा याच आकड्यांवर घेतला जातो. मात्र प्रतिमेतील एक अंक चुकीचा वाचला गेला, किंवा दोन भिन्न स्वरूपाच्या रकमांची बेरीज केली गेली, तर हा निर्णय मुळातच चुकीच्या पायावर उभा राहतो.

उदाहरणादाखल नफ्यात सहभागी असलेली एक जुनी एंडोमेंट पॉलिसी घेता येईल. येथील सर्व रकमा केवळ समजण्यासाठी योजलेल्या आहेत. विमा रक्कम २,००,००० रुपये, मुदत २० वर्षे, प्रारंभ २८ मे २०११ आणि सहामाही हप्ता ५,०६० रुपये. विवरणपत्र १० सप्टेंबर २०२४ रोजीचे असून पॉलिसी चालू स्थितीत आहे.

प्रतिमेतून मजकूर काढणे

प्रतिमा सरळ, सावलीविरहित आणि सुमारे ३०० डीपीआय इतक्या स्पष्टतेची असावी. टेसरॅक्ट या मुक्त संगणक प्रणालीच्या साहाय्याने तीमधील अक्षरे मजकुरात रूपांतरित करता येतात. संपूर्ण पान एकसंध मजकूर मानून वाचण्याची आज्ञा पुढीलप्रमाणे आहे.

```
tesseract vivaran.png vivaran --psm 6 -l eng
```

या आज्ञेने `vivaran.txt` ही फाईल तयार होते. तक्त्यातील रेषांमुळे स्तंभ एकमेकांत मिसळण्याची, तसेच ३ आणि ८, १ आणि ७, ० आणि ६ या अंकांची अदलाबदल होण्याची शक्यता असते. म्हणून मिळालेला मजकूर अंतिम न मानता प्रत्येक आकडा पडताळून पाहणे आवश्यक ठरते. ही पडताळणी विवरणपत्रातील इतर आकड्यांच्याच आधारे करता येते.

हप्त्यांची पडताळणी

विवरणपत्रावर `FUP` या संक्षेपापुढे दिलेली तारीख सर्वाधिक महत्त्वाची असते. न भरलेल्या पहिल्या हप्त्याची ती देय तारीख होय. त्याआधीचे सर्व हप्ते भरलेले आहेत, असा तिचा अर्थ होतो. प्रस्तुत उदाहरणात ती २८ नोव्हेंबर २०२४ आहे. मे २०११ पासून मे २०२४ पर्यंत दर सहा महिन्यांनी एक, असे २७ हप्ते होतात. २७ गुणिले ५,०६० म्हणजे १,३६,६२० रुपये. प्रतिमेतून एकूण हप्त्यांची रक्कम १,८६,६२० अशी मिळाली असेल, तर ३ च्या जागी ८ वाचला गेल्याचे तत्काळ लक्षात येते.

तारखेचीही अशीच परीक्षा होते. या पॉलिसीचे हप्ते केवळ मे आणि नोव्हेंबरमध्ये देय होतात. त्यामुळे महिना ११ ऐवजी ०१ असा मिळाल्यास वाचन चुकले, हे निश्चित. वर्ष २०२४ ऐवजी २०२१ मिळाले तर महिना जुळतो. परंतु तीन वर्षे हप्ता थकलेली पॉलिसी चालू स्थितीत असू शकत नाही, यावरून चूक उघड होते.

नोंदवहीत प्रत्येक हप्त्याची देय तारीख, भरणा तारीख, मूळ हप्ता, कर आणि विलंबाचे व्याज यांसाठी स्वतंत्र रकाने असावेत. वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यातून सूट मिळाली. ज्या पावत्यांवर कर आकारलेला आहे, तेथे तो वेगळा काढावा लागतो. समर्पण मूल्याच्या हिशेबात कर आणि व्याज धरले जात नाहीत, केवळ मूळ हप्ते धरले जातात.

बोनसचा अर्थ

बोनस दरवर्षी विमा रकमेच्या प्रत्येक हजारामागे जाहीर होतो. या उदाहरणात विमा रकमेत २०० हजार आहेत. ३१ मार्च २०२४ पर्यंतच्या १३ वर्षांसाठी दर हजारी ४२ रुपये बोनस धरल्यास वार्षिक रक्कम ८,४०० आणि एकूण १,०९,२०० रुपये होते. प्रत्यक्षात दर वर्षागणिक बदलू शकतो. म्हणून विवरणपत्रातील बोनसला २०० ने भागावे आणि आलेला आकडा त्या योजनेच्या जाहीर दरांच्या बेरजेशी ताडून पाहावा. येथे तो ५४६ येतो. चुकून १,६९,२०० वाचले गेल्यास ८४६ येईल, म्हणजे दर वर्षी सरासरी ६५ रुपये, आणि तो जाहीर दरांशी जुळणार नाही.

जमा झालेला बोनस मुदतपूर्तीस किंवा विमेदाराच्या मृत्यूनंतर देय होतो. तो बँकेतील शिलकीसारखा आज काढून घेता येत नाही. अंतिम अतिरिक्त बोनसची हमी नसते. त्यामुळे तोही या रकान्यात मिळवू नये.

समर्पण मूल्य

येथेच सर्वात महाग चूक होते. हप्ते थांबविल्यास विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते. ४० पैकी २७ हप्ते भरले असल्याने ती १,३५,००० रुपये राहते. तीत बोनस मिळविल्यास २,४४,२०० रुपये होतात. हे पेड-अप मूल्य मुदतीअखेर मिळावयाचे असते. आज पॉलिसी बंद केल्यास त्याला एका गुणकाने गुणले जाते. हा गुणक ०.५८ धरल्यास विशेष समर्पण मूल्य १,४१,६३६ रुपये येते.

या रकमेत बोनसचा आजचा हिस्सा आधीच समाविष्ट आहे. विवरणपत्रात दोन्ही आकडे शेजारी दिसतात म्हणून अनेक जण त्यांची बेरीज करून २,५०,८३६ रुपये हाती येतील, असे गृहीत धरतात. ही अपेक्षा प्रत्यक्षापेक्षा १,०९,२०० रुपयांनी अधिक ठरते.

अनेक जुन्या पॉलिसींच्या अटींनुसार हमी समर्पण मूल्य पहिल्या वर्षाचे हप्ते वगळून उरलेल्या हप्त्यांच्या ३० टक्के असते. येथे १,३६,६२० मधून १०,१२० वजा केल्यास १,२६,५०० उरतात आणि त्यांचे ३० टक्के म्हणजे ३७,९५० रुपये होतात. त्यात बोनसचे रोख मूल्य मिळविले जाते. हमी आणि विशेष या दोहोंपैकी अधिक असलेली रक्कम विमेदारास मिळते. नव्या पॉलिसींमध्ये हे प्रमाण निराळे असल्याने मूळ दस्तऐवजातील तक्ता पाहावा लागतो.

गुणक बहुधा विवरणपत्रावर छापलेला नसतो. त्यामुळे समर्पण मूल्याची नेमकी पडताळणी घरी होऊ शकत नाही. मात्र सीमा तपासता येतात. पॉलिसीवर कर्ज नसेल, तर प्रतिमेतून मिळालेला आकडा या उदाहरणात ३७,९५० पेक्षा कमी किंवा २,४४,२०० पेक्षा अधिक असू शकत नाही. कर्ज असल्यास मुद्दल आणि थकीत व्याज समर्पण मूल्यातून वजा होते. ती रक्कम वेगळ्या रकान्यात नोंदवावी.

समर्पण मूल्य त्या दिवसापुरतेच असते. पुढचा हप्ता भरताच किंवा नवा बोनस जाहीर होताच ते बदलते. म्हणून नोंदवहीत या आकड्यापुढे विवरणपत्राची तारीख लिहावी आणि निर्णयापूर्वी शाखेकडून नव्या तारखेचे लेखी मूल्य मागवावे.