सूत्रात b कुठून आला: हॅरिस, चेतक आणि चिखलीची घरघंटी

ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरला बसणाऱ्या बहुतेकांना EOQ पाठ असतो. मागणी D, प्रत्येक ऑर्डरचा ठरलेला खर्च K, एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च h, आणि उत्तर Q = √(2DK/h). पुढच्या पानावर तेच सूत्र थोडं लांब होऊन येतं, कारण त्यात b शिरलेला असतो. तिथे विद्यार्थी गुणाकार लक्षात ठेवतात आणि b सोडून देतात. खरं तर त्या धड्यातली सगळी गंमत आणि सगळी भांडणं त्या b मध्येच आहेत, म्हणून आज फक्त त्याच्याबद्दल.

आधी मूळ सूत्र. ते फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकन अभियंत्याचं. फेब्रुवारी १९१३ मध्ये 'फॅक्टरी, द मॅगझीन ऑफ मॅनेजमेंट' या मासिकात त्याचा छोटा लेख आला. एका वेळी किती सुटे भाग बनवावेत, एवढाच त्यातला प्रश्न. हॅरिसकडे कॉलेजची पदवी नव्हती आणि पुढे तो पेटंटचा वकील झाला. मूळ लेख नंतर असा विस्मरणात गेला की सूत्राला कितीतरी वर्षं 'विल्सनचं सूत्र' म्हणत होते, कारण आर. एच. विल्सनने १९३४ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहून ते प्रसिद्ध केलं. डोनाल्ड अर्लेनकॉटरने मूळ लेखाचा माग काढला आणि १९९० मध्ये 'ऑपरेशन्स रिसर्च' या नियतकालिकात तो पुन्हा छापला गेला. संदर्भ दुसऱ्याच्या यादीतून उचलू नका असं गाईड का सांगतात, ते इथे कळतं.

हॅरिसच्या गणितात माल संपतच नाही. साठा शून्यावर येतो त्याच क्षणी नवी खेप दारात. कारखान्याच्या आतल्या भागांसाठी हे गृहीतक ठीक आहे, कारण एक स्क्रू नसला तर सगळी जोडणी थांबते. दुकानात मात्र असं नसतं. तिथे माल संपला तर दुकानदार म्हणतो, "नाव लिहून ठेवतो, आला की फोन करतो," आणि बरेच लोक थांबतात.

या थांबण्याला किंमत लावून ती गणितात घ्यायची, ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. केनेथ ॲरो, थिओडोर हॅरिस आणि जेकब मार्शाक यांचा १९५१ चा 'इकॉनोमेट्रिका'तला लेख साठा संपल्याचा दंड खर्चात धरतो (हा हॅरिस वेगळा बरं, १९१३ वाला नव्हे). चर्चमन, अॅकॉफ आणि आर्नॉफ यांच्या १९५७ च्या पाठ्यपुस्तकात तुटवड्याचा खर्च धरलेला साठा विद्यार्थ्यांपुढे आला, आणि हॅडली-व्हिटिन यांच्या १९६३ च्या पुस्तकात हा विषय नीट बांधून मिळाला. तोवर 'माल संपणे' ही दुकानाची चूक होती. आता तो एक निर्णय झाला: किती दिवस संपू द्यायचा, हे आधीच ठरवता येतं. म्हणून नाव 'नियोजित बॅकऑर्डर'.

आता उदाहरण. समजा चिखलीत घरघंट्यांचं एक दुकान आहे (आकडे मी हिशेबाला सोपे जातील असे घेतलेत). वर्षाला १८० घरघंट्या जातात, म्हणजे महिन्याला १५. माल अकोल्याच्या डिस्ट्रिब्युटरकडून टेम्पोने येतो. भाडं आणि हमाली धरून एका फेरीचा खर्च ३,००० रुपये, मग आत पाच नग असोत की पंचवीस. एका नगाची खरेदी १८,००० रुपयांची; त्यावर व्याज, जागा आणि ठोकाठोकीचं नुकसान मिळून वर्षाला १५ टक्के, म्हणजे h = २,७०० रुपये.

हॅरिसच्या सूत्राने Q = २० येतो. वर्षात नऊ फेऱ्या, त्यांचे २७,००० रुपये. सरासरी साठा १० नग, त्याचेही २७,०००. एकूण ५४,००० रुपये.

आता b आणूया. थांबणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार महिन्याला ४०० रुपयांच्या हिशेबाने सूट देतो असं धरू. वर्षाचा b झाला ४,८०० रुपये. खेप आली की आधी वहीतल्या नावांना माल जातो आणि उरलेला दुकानात राहतो. या उरलेल्या साठ्याला S म्हणू. S किती असावा? इथे सूत्र पाठ करायची गरज नाही. S एकाने वाढवला तर चक्राच्या जेवढ्या भागात माल शिल्लक असतो (S/Q) तेवढा काळ एक नग जास्त सांभाळावा लागतो, आणि उरलेल्या भागात (1 − S/Q) एक नाव वहीतून कमी होतं. दोन्ही बाजू समतोल झाल्या की थांबायचं:

h × (S/Q) = b × (1 − S/Q)

म्हणजे S/Q = b/(h + b), आपल्याकडे ४,८००/७,५०० = ०.६४. म्हणजेच चक्राचा ६४ टक्के काळ दुकानात माल असावा आणि ३६ टक्के काळ वही चालावी. ऑर्डरचं प्रमाण जुन्या Q च्या √((h+b)/b) पट, म्हणजे १.२५ पट, म्हणजे २५ नग. त्यातले ९ वहीतल्या नावांना आणि १६ दुकानात.

खर्च मोजू. फेऱ्या वर्षाला ७.२, त्यांचे २१,६०० रुपये. साठ्याचे १३,८२४. थांबणाऱ्यांच्या सुटीचे ७,७७६. बेरीज ४३,२००, म्हणजे १०,८०० रुपयांची बचत. एक चक्र सुमारे ५० दिवसांचं. त्यात ३२ दिवस माल हजर आणि १८ दिवस वही. सगळ्यात जास्त थांबणारा १८ दिवस थांबतो, सरासरी थांबणारा ९ दिवस, आणि त्याला मिळते १२० रुपयांची सूट. माझ्या मते यातला सर्वांत उपयोगी आकडा वेगळाच आहे: मालात अडकलेलं सरासरी भांडवल १,८०,००० वरून सुमारे ९२,००० रुपयांवर येतं. ज्याचा धंदा उधारीच्या पैशावर चालतो त्याला हे जास्त दिसतं.

परीक्षेत जिथे घोळ होतो ती जागा म्हणजे ऑर्डर कधी द्यायची. डिस्ट्रिब्युटरकडून माल यायला १२ दिवस लागत असतील, तर त्या काळात सहा नगांची मागणी येईल. खेप आली तेव्हा वहीत नऊ नावं हवीत. म्हणून ऑर्डर द्यायची ती वहीत तीन नावं झाल्यावर. पुनर्ऑर्डर पातळी येते उणे तीन! विद्यार्थी इथे चूक झाली समजून उत्तर खोडतात, पण चिन्ह बरोबर आहे. दुकान रिकामं आहे, तीन जण थांबलेत, आणि आत्ता फोन करायचाय.

आता b कडे परत. h ला खरेदीचं बिल आहे, K ला टेम्पोची पावती आहे. b ला कसलाच कागद नाही. शिवाय तो नक्की कुणाचा खर्च, हाही प्रश्न आहे. याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण बजाज चेतक. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून ही स्कूटर निघू लागली आणि पुढे तिच्यासाठी दहा-दहा वर्षं नंबर लावून बसावं लागे. बुकिंग झालेली गाडी हातोहात छापील किमतीपेक्षा चढ्या दराने विकली जाई. ती वरची रक्कम म्हणजे काय? गिऱ्हाइकाच्या दृष्टीने थांबण्याची किंमत, म्हणजे गिऱ्हाइकाचा b. तो चांगलाच मोठा होता. विकणाऱ्याचा b मात्र शून्याच्या जवळ होता, कारण थांबलेला माणूस जाणार कुठे? सूत्रात b शून्याकडे नेऊन बघा: S/Q शून्याकडे जातो, म्हणजे शोरूममध्ये गाडी ठेवायची गरजच नाही, सगळा धंदा वहीवर. अर्थात चेतकची रांग कुणी सूत्र मांडून आखली नव्हती. किती गाड्या काढायच्या याला सरकारी परवान्याची मर्यादा होती आणि आपलं मॉडेल तर हवा तेवढा माल मागवता येतो असं धरून चालतं. त्यामुळे ती बॅकऑर्डर होती, पण नियोजित नव्हती. शोधनिबंधात ती या मॉडेलचं उदाहरण म्हणून देऊ नका. B दोन बाजूंना दोन असतात, हे सांगायला मात्र चांगली आहे.

चिखलीच्या दुकानाचा b चुकला तर काय होतं? २५ आणि १६ ची योजना तशीच ठेवून बघितलं, तर थांबण्याचा खर्च महिन्याला सुमारे ९५५ रुपये होईपर्यंत ती हॅरिसच्या ५४,००० पेक्षा स्वस्त पडते. म्हणजे ४०० चा अंदाज दुपटीहून जास्त चुकला तरी चालतं. b चा नेमका आकडा मांडण्यापेक्षा ही हद्द मांडणं जास्त प्रामाणिक, असं मला वाटतं.

खरी अडचण b च्या आकड्यात नसून रूपात आहे. सूट दिवसांवर न देता सरळ माणशी दिली, समजा थांबणाऱ्या प्रत्येकाला २०० रुपये मग तो दोन दिवस थांबो की वीस, तर वरचं गणित मोडतं. हॅडली आणि व्हिटिन यांनी दोन्ही प्रकारचे दंड वेगळे ठेवले ते यासाठीच. फक्त माणशी दंड असेल तर उत्तर टोकाचं येतं: एक तर अजिबात संपू देऊ नका, नाहीतर कायम वहीच चालवा. मधला मार्ग उरत नाही. प्रश्नात तुटवड्याचा खर्च 'प्रति नग' आहे की 'प्रति नग प्रति वर्ष', हे आधी वाचायचं ते म्हणून.

आणि गिऱ्हाईक थांबलंच नाही तर? वर्षात साधारण ६५ जण वहीत येतात. त्यातला एखादा खामगावला किंवा ऑनलाइन घेऊन मोकळा झाला की दुकानदाराची सूट वाचते पण नफा जातो. एका नगामागे नफा १,५०० रुपये धरला, तर ढोबळमानाने सात माणसं गेली की १०,८०० ची बचत संपली. ६५ मधले सात, म्हणजे नऊतला एक. हे ओळखायला सर्व्हे लागत नाही, वहीतच दिसतं: नाव लिहिलं, माल आला, फोन केला आणि पलीकडून "घेतली आम्ही" असं उत्तर आलं, की ते नाव खोडलं जातं. पण जे नावच न लिहिता निघून जातात ते वहीत कधीच येत नाहीत. म्हणून नुसत्या वहीतून काढलेला b खऱ्यापेक्षा कमीच येतो. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तर वही बाजूला ठेवलेली बरी. तेव्हा मागणी महिन्याला १५ नसते, आणि D स्थिर धरून काढलेला २५ चा आकडा त्या दिवसांसाठी नाहीच.