भाड्याचें यंत्र आणि त्यावरचा माणूस

यंत्रें भाड्यानें देण्याघेण्याच्या छापील करारांत बहुधा पुढील अर्थाचें एक कलम आढळतें: यंत्राबरोबर आलेला चालक हा कामाच्या मुदतीपुरता यंत्र भाड्यानें घेणाराचा नोकर समजला जाईल. वाक्य लहान आहे आणि सही करणारा त्यावरून सहज नजर फिरवून पुढें जातो. ज्या माणसाला पगार दुसरा देतो, ज्याला कामावरून काढण्याचा अधिकारहि दुसऱ्याचाच, तो माणूस एका सहीनें आपला नोकर कसा होतो, हा प्रश्न त्या वेळीं कोणी विचारीत नाहीं. इंग्लंडांतील न्यायालयांना मात्र तो शंभरांवर वर्षें पुनःपुन्हा विचारावा लागला, आणि त्याचा प्रारंभ यंत्रापासून न होतां घोड्यांपासून झाला.

१८४० सालीं निकालास आलेला एक खटला या बाबतींत प्रसिद्ध आहे. दोन वृद्ध स्त्रियांची स्वतःची गाडी होती, परंतु घोडे नव्हते. बाहेर जावयाचें झालें कीं घोडे भाड्यानें देणाऱ्या एका बाईकडून त्या घोड्यांची जोडी आणि हांकणारा मागवीत. बहुतेक वेळां एकच गाडीवान येई. त्याला दर फेरीमागें कांहीं बक्षिसी मिळे. शिवाय त्याच्यासाठीं या स्त्रियांनीं एक अंगरखा व टोपी करून घरांत ठेविली होती. एके दिवशीं फेरी आटोपल्यावर तो ती टोपी जागेवर ठेवण्यास आंत गेला, घोडे धरावयास कोणी नव्हतें, आणि ते गाडीसह उधळले. वाटेंतल्या एकाला इजा झाली व त्यानें स्त्रियांवर फिर्याद केली. गाडी त्यांची, अंगरखा त्यांचा, टोपीहि त्यांचीच. रस्त्यावरच्या माणसाला गाडीवान त्यांचाच नोकर वाटला, यांत नवल नाहीं.

चौदा वर्षांपूर्वीं, १८२६ सालीं, अशाच एका प्रकरणांत न्यायाधीशांची मतें निम्मीं निम्मीं पडलीं होतीं. या वेळीं न्यायमूर्ति पार्क यांनीं निकाल स्पष्ट दिला कीं, त्या स्त्रिया जबाबदार नाहींत. गाडीवानाची निवड घोड्यांच्या मालकिणीनें केली होती, त्याला ठेवण्याचा व काढण्याचा अधिकार तिचा होता. कोठें जावयाचें एवढें सांगितल्यानें प्रवासी धनी होत नाहीं. टोपी कोणाची, यापेक्षां माणूस कोणाचा हें महत्त्वाचें ठरलें. भाड्यानें देण्याचा धंदा करणाऱ्या सर्वांना हा निकाल जड जाणार, हें उघड होतें. आणि आरंभीं सांगितलेल्या कलमाचें मूळ याच अडचणींत शोधावें लागतें.

माणसाचा दोष बाजूला ठेवला तरी वस्तूचा दोष उरतोच. १८८१ सालचा दुसरा एक खटला मोडतोडीसंबंधीं आहे. ब्रायटन येथील एका भाडेवाल्याकडून एका गृहस्थानें शोरहॅमला जाऊन परत येण्यासाठीं गाडी, दोन घोडे आणि हांकणारा घेतला. वाटेंत गाडीच्या खालच्या भागांतील एक बोल्ट तुटला, घोडे बुजले, गाडी उलटली व गृहस्थ जखमी झाला. मालकानें वाजवी काळजी घेतली होती असें ज्यूरीनें मानलें. परंतु न्यायमूर्ति लिंडले यांना तेवढें पुरेसें वाटलें नाहीं. काळजी व कौशल्य यांनीं गाडी जितकी निर्धोक करतां येईल तितकी ती असली पाहिजे, आणि जो दोष कोणत्याहि तपासणींत सांपडला नसता तेवढ्यापुरतीच मालकाला सूट, असें त्यांचें म्हणणें पडलें.

आपल्याकडील कायदा याहून कडक आहे, आणि तो या निकालाच्या आधींचा आहे, ही गोष्ट सहसा ध्यानांत घेतली जात नाहीं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचें १५० वें कलम असें सांगतें कीं, वस्तु भाड्यानें दिली असेल तर तिच्यांतील दोषामुळें घेणाराला होणाऱ्या नुकसानीस देणारा जबाबदार राहतो, मग तो दोष त्याला माहीत असो वा नसो. फुकट उसनी दिलेल्या वस्तूच्या बाबतींत मात्र माहीत असलेला दोष सांगितला म्हणजे पुरतें. म्हणजे शेजाऱ्याला प्रेमानें दिलेला पंप आणि दिवसाच्या भाड्यानें दिलेला पंप हे कायद्याच्या दृष्टीनें दोन निराळे पंप होत.

मोडलेला भाग कोणाच्या माथीं मारावयाचा, याचा पुरावा पुष्कळदां त्या भागाच्या अंगावरच असतो. बोल्ट किंवा दांडा तुटला म्हणजे तुटलेलें तोंड पाहावें. त्याचा कांहीं भाग काळवंडलेला, गंजलेला वा घांसून गुळगुळीत झालेला आणि उरलेला खरखरीत व चकचकीत असेल, तर चीर जुनी आहे; ती भाड्यानें घेण्यापूर्वींपासून वाढत होती असें समजण्यास जागा आहे. सर्वच तोंड ताजें व खरखरीत असेल तर एकाएकीं अति भार पडला असावा. ही खूण अखेरचा शब्द नव्हे. भार कोणी टाकला, घेणाराच्या हुकमानें कीं मालकाच्या चालकाच्या हूडपणानें, हें लोखंड सांगत नाहीं. म्हणून तुटलेला तुकडा फेंकून न देतां दोघांच्या समक्ष बांधून ठेवावा आणि यंत्र केव्हां बंद पडलें तें त्याच दिवशीं लेखी कळवावें, अशी जाणत्या लोकांची वहिवाट आहे.

आतां पुन्हां त्या चालकाकडे वळूं. लिव्हरपूल बंदराच्या व्यवस्थापक मंडळानें जहाजावर माल चढविणाऱ्या एका कंपनीला एक फिरती यारी, म्हणजे क्रेन, तिच्या चालकासह भाड्यानें दिली. करारांत आपलें सुरुवातीचें कलम होतेंच कीं, चालक हा भाड्यानें घेणाऱ्यांचा नोकर समजावा. कोणता माल उचलावयाचा व कोठें ठेवावयाचा हें कंपनीचीं माणसें सांगत. पगार मंडळ देई. चालकाच्या निष्काळजीपणानें मालाची नोंद घेणारा एक कारकून यारीच्या तडाख्यांत सांपडून जखमी झाला. त्यानें दोघांनाहि प्रतिवादी केलें, आणि मग त्या दोघांनीं एकमेकांकडे बोट दाखविलें.

हा वाद हाउस ऑफ लॉर्डस्‌पर्यंत गेला आणि १९४६ सालीं मंडळाविरुद्ध संपला. लॉर्ड पोर्टर यांनीं जी कसोटी धरली ती कामगारालाहि समजेल अशी आहे: काय करावयाचें हें कोण सांगतो, एवढ्यानें भागत नाहीं, तें काम कसें करावयाचें, हें सांगण्याचा अधिकार कोणाचा, तें पाहावें. पेटी जहाजावर ठेव, असें कंपनी सांगूं शके. परंतु दांडा किती ओढावा, यारी किती वेगानें फिरवावी, हें सांगण्याचा अधिकार तिला नव्हता. स्वतः चालकानेंहि साक्षींत, आपण कोणाचे हुकूम घेत नाहीं, अशा अर्थाचें बाणेदार उत्तर दिलें होतें. कुशल माणूस दुसऱ्याकडे पाठविला म्हणून त्याची कुशलता दुसऱ्याच्या ताब्यांत जात नाहीं, आणि ती गेली आहे हें सिद्ध करण्याचा भार पाठविणाऱ्यावर असून तो फार जड आहे.

मग त्या कलमाचा उपयोग काय? येथें पुष्कळांची समजूत चुकते. जखमी कारकुनानें त्या करारावर सही केलेली नव्हती. त्यामुळें त्याच्यापुरतें कलम निरुपयोगी ठरलें. परंतु सही करणाऱ्या दोघांमध्यें तें अगदींच निर्जीव नसतें. नुकसानीची अखेरची रक्कम भाड्यानें घेणारानें भरून द्यावी असें करारांत स्वच्छ शब्दांत लिहिलें असेल, तर मालक जखमी माणसाला पैसे देऊन ते मागाहून घेणाराकडून मागूं शकतो. तिऱ्हाइताशीं नातें बदलत नाहीं. बदलतो तो दोघांमधला हिशेब. केवळ ‘नोकर समजावा’ एवढ्यावर विसंबून राहणें मालकाला महाग पडतें.

रिकाम्या दिवसांचें भाडें ही कल्पना जहाजांकडून आलेल्या डेमरेजच्या जातीची आहे. ठरलेल्या दिवसांत माल उतरला नाहीं तर जहाज अडकून पडल्याबद्दल दर दिवसाची भरपाई द्यावी लागते. जमिनीवरच्या यंत्रालाहि हाच न्याय लागतो, परंतु येथें अडकण्याचीं कारणें निरनिराळीं असतात. समजा, रस्त्याचा रूळ दहा दिवसांसाठीं रोज ३,००० रुपयांनीं घेतला. चार दिवस काम झालें. दोन दिवस झिजलेलें दांतेरी चाक मोडून रूळ बंद राहिला. एक दिवस खडी आली नाहीं. तीन दिवस पाऊस लागला. चाकाचे दोन दिवस मालकाचे आणि खडीचा दिवस घेणाराचा, याबद्दल फारसा तंटा होत नाहीं. तंटा पावसाचा. करारांत कांहीं लिहिलें नसेल, तर मालक आठ दिवसांचे २४,००० मागतो आणि घेणारा पांच दिवसांचे १५,००० पुढें करतो. निसर्गानें रिकाम्या पडलेल्या दिवसाला निम्मा दर, असें आधीं ठरलें असतें तर रक्कम १९,५०० झाली असती. अर्थात् कोणता दिवस कोणत्या सदरांत घालावयाचा, हें चालकाच्या रोजच्या वहीवर दोघांची सही असेल तरच ठरतें. महिन्याच्या अखेरीस आठवणीवरून लिहिलेली वही दोघांनाहि उपयोगी पडत नाहीं.

यंत्र परत करण्याची जबाबदारी केवढी लांब पोहोंचते, तें १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धांतील एका इंग्रज खटल्यांत दिसलें. यंत्रें भाड्यानें देण्याचाच धंदा असलेल्या एका कंपनीला दलदलीच्या जमिनीवर कामासाठीं घाईनें यारी हवी होती. तिनें ती समव्यवसायी कंपनीकडून टेलिफोनवर मागविली. भाडें बोलण्यांत ठरलें, अटींचा छापील कागद मागाहून पाठविण्यांत आला, आणि त्यावर सही होण्यापूर्वींच यारी चिखलांत रुतली. ज्या खेपेचा वाद अपील कोर्टापुढें आला, तींत कोणाचाहि निष्काळजीपणा नव्हता. जमीनच दगा देणारी होती. यारी वर काढण्याचा खर्च कोणी द्यावा? मऊ जमिनींतून यंत्र बाहेर काढण्याचा खर्च घेणारानें सोसावा, अशी अट छापील कागदांत होती, आणि सही झाली नसली तरी ती लागू होते, असें लॉर्ड डेनिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ठरविलें. दोघेहि एकाच धंद्यांतले; असल्या अटींवरच यंत्रें दिलीं जातात हें दोघांनाहि ठाऊक होतें. घर बांधणाऱ्या एकाद्या सामान्य गृहस्थानें टेलिफोन केला असता, तर हाच युक्तिवाद त्याच्याविरुद्ध चालला असता असें मानूं नये.

आपल्या करार कायद्यांत मुदत संपतांच मागणीची वाट न पाहतां वस्तु परत करावी, असें १६० वें कलम आहे. १६१ वें कलम त्यापुढें जाऊन सांगतें कीं, घेणाराच्या कसुरीमुळें ती वेळेवर परत झाली नाहीं, तर त्या वेळेपासून तिच्या हानीस तोच जबाबदार. रूळ पांच तारखेस परत द्यावयाचा असून सात तारखेपर्यंत रस्त्यावर उभा राहिला आणि सहा तारखेच्या पुरांत वाहून गेला, तर पूर हें कारण पुढें करून सुटतां येत नाहीं. पांच तारखेपूर्वीं तोच पूर आला असता तर सामान्य शहाणा माणूस आपल्या तशाच वस्तूची घेतो तितकी काळजी घेणारानें घेतली होती कीं नाहीं, एवढेंच पाहिलें गेलें असतें. वाजवी वापरानें होणारी झीज मालकाची, कारण भाडें त्याचेंच मोल आहे. फुटलेला कंदील, वांकलेला दांडा किंवा हरवलेली हत्यारांची पेटी ही झीज नव्हे. ती आरंभीं होती कीं नव्हती, हें देतेवेळीं दोघांनीं मिळून केलेल्या यादीवरून ठरतें. आणि परत घेतेवेळीं तीच यादी हातांत धरून यंत्राभोवतीं पुन्हा एकदां फिरावें लागतें.