मायक्रोफायनान्सवर वर्गात सादरीकरण आहे? हे तीन प्रश्न विचारा

गावात ज्याला ‘गटाचं कर्ज’ म्हणतात, ते मायक्रोफायनान्स अर्थशास्त्राच्या वर्गातही शिकवलं जातं. सादरीकरणात हैदराबादचा अभ्यास बहुतेक वेळा येतोच. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या 104 वस्त्या घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा त्यातल्या 52 निवडल्या आणि तिथं स्पंदना या कंपनीनं आधी शाखा उघडल्या. मग दोन्हीकडच्या कुटुंबांची तुलना झाली. हाच अभ्यास समोर ठेवून तीन प्रश्न विचारता येतात.

पहिला प्रश्न : हप्ता कुठून भरला?
स्पंदनाचं पहिलं कर्ज 10,000 रुपयांचं होतं. व्याज 12 टक्के आणि फेड 50 आठवड्यांत. म्हणजे एकूण 11,200 रुपये, आठवड्याला 224 रुपये. पण मुद्दल दर आठवड्याला कमी होत जातं आणि व्याज मात्र पूर्ण 10,000 वरच लागतं. वर्षभरात बाईच्या हातात सरासरी निम्मीच रक्कम राहते. त्यामुळं खरा दर 24 टक्क्यांच्या आसपास जातो. एकीचा हप्ता चुकला तर जबाबदारी सगळ्या गटावर येते. म्हणून वसुली चांगली दिसली, एवढ्यावरून धंदा चालला असं म्हणता येत नाही. हप्ता कमाईतून गेला, मजुरीतून गेला की दुसऱ्या कर्जातून, हे विचारावं. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानुसार कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावेत. दुसऱ्या कर्जाचा हिशेब त्यासाठीच लागतो.

दुसरा प्रश्न : सक्षम झाली म्हणजे काय झालं?
कर्ज बाईच्या नावावर असलं म्हणजे पैसा तिच्या हातात राहिलाच असं नाही. हैदराबादेत घरात टिकाऊ वस्तू वाढल्या, चालू धंद्यात थोडी गुंतवणूक वाढली. पण घरातल्या निर्णयात बाईचा शब्द वाढल्याचं, किंवा मुलांच्या शिक्षणात फरक पडल्याचं दिसलं नाही. म्हणून सादर करणाऱ्याला विचारावं की, ‘सक्षमीकरण’ तुम्ही कशानं मोजलं? पैसा कुणी खर्च केला आणि कुणाच्या सांगण्यावरून?

तिसरा प्रश्न : यादीत कोण नाही?
कर्जासाठी वय 18 ते 59 लागायचं. त्या भागात किमान वर्षभर राहणं, ओळखपत्र आणि राहण्याचा पुरावाही लागायचा. गटातल्या 80 टक्के बायकांचं घर स्वतःचं असावं, अशीही अट होती. म्हणजे साठी ओलांडलेली विधवा आणि नुकतंच स्थलांतर करून आलेलं कुटुंब नियमानंच बाहेर, आणि भाडेकरू बाईला गटात जागा मिळणं अवघड. आपल्याकडं ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणारी बाई आठवड्याच्या बैठकीला कशी बसणार, हेही त्यातच येतं.

कर्जदारांची यादी पाहून निष्कर्ष काढला, तर ही माणसं मोजणीतच येत नाहीत. म्हणून आकडा दाखवला की तो नेमक्या कुणाचा, हे आधी विचारावं.