दाव्याचे चार पाद आणि एकतर्फी हुकूमनामा
दख्खनमधील कर्जदाव्यांच्या कार्यपद्धतीविषयी काही विचार (१८५९–१८७९)

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे जो दंगा झाला, त्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या जीवितापेक्षा त्यांच्या कागदांवर अधिक रोख धरला होता, हे सर्वश्रुत आहे. कर्जरोखे, हिशेबाच्या वह्या व हुकूमनामे हस्तगत करून ते जाळणे हाच त्या जमावाचा मुख्य हेतू होता. इतिहासकारांनी या घटनेची आर्थिक कारणमीमांसा विस्ताराने केली आहे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न त्याहून मर्यादित आहे. कागदच का जाळले गेले? या प्रश्नाचे उत्तर दिवाणी दाव्याच्या पायऱ्यांमध्ये, विशेषतः 'मुद्दे काढणे' या पायरीच्या स्वरूपात दडलेले आहे असे आम्हांस वाटते.

दाव्याच्या रचनेविषयी आपल्याकडे जुना विचार उपलब्ध आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरेत विज्ञानेश्वराने व्यवहार चतुष्पाद मानला आहे. वादीने आपले म्हणणे मांडणे हा भाषापाद, प्रतिवादीने त्याला उत्तर देणे हा उत्तरपाद, पुरावा हा क्रियापाद आणि निर्णय हा साध्यसिद्धिपाद. या चारांपैकी दुसरा पाद सर्वांत मार्मिक आहे, कारण तिसऱ्या पादाचे ओझे कोणी वाहायचे हे त्यावरच ठरते. उत्तराचे प्रकारही चार सांगितले आहेत. प्रतिवादीने दावा कबूल केला तर ती संप्रतिपत्ती होय. तेथे पुराव्याचे कारणच उरत नाही. त्याने तो साफ नाकारला तर ते मिथ्योत्तर होय, आणि पुरावा वादीने द्यावयाचा. 'घेतले खरे, पण परत केले' असे त्याने म्हटले तर ते कारणोत्तर होय, आणि पुराव्याचा भार उलटून प्रतिवादीवर येतो. पूर्वी याच वादाचा निर्णय झालेला आहे असे म्हणणे हा प्राङ्न्याय; तेथेही भार प्रतिवादीवरच.

इंग्रजी अमलातील १८५९ च्या दिवाणी संहितेने घालून दिलेला क्रम याहून तत्त्वतः फार निराळा नव्हता. वादपत्र, समन्स, प्रतिवादीची कैफियत, मुद्दे, साक्षीपुरावा, निकालपत्र आणि शेवटी हुकूमनामा अशा त्या पायऱ्या होत. आजही अमलात असलेल्या १९०८ च्या संहितेत मुद्द्याची व्याख्या दिलेली आहे. वस्तुस्थितीविषयीचे वा कायद्याविषयीचे एखादे महत्त्वाचे विधान एका पक्षाने करावे व दुसऱ्याने ते नाकारावे, तेव्हा मुद्दा उत्पन्न होतो, असा तिचा आशय आहे. व्याख्येतील दोन्ही क्रियापदे आवश्यक आहेत. केवळ विधानाने मुद्दा होत नाही. त्याला नकार भेटावा लागतो.

येथे एका शब्दव्युत्पत्तीकडे लक्ष वेधण्याचा मोह आवरत नाही. 'दावा', 'मुद्दई' म्हणजे वादी आणि 'मुद्दा' हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आलेले असून 'मुद्दा' याचा मूळ अर्थ 'जे मागितले किंवा प्रतिपादिले ते' असा आहे. म्हणजे शब्दाच्या कुळाकडे पाहिले तर मुद्दा हा वादीच्या घरचा आहे. 'कैफियत' हा शब्द मात्र 'कसे' या अर्थाच्या अरबी प्रश्नार्थक शब्दापासून निघालेला. घडलेली गोष्ट कशी घडली याचे कथन, असा त्याचा भाव. वादीने काय हवे ते सांगावे व प्रतिवादीने ते कसे घडले ते सांगावे, तेव्हा कोठे न्यायालयासमोर वाद उभा राहतो. प्रतिवादी गप्प राहिला तर उरते ते केवळ मागणे.

आणि दख्खनमधील कर्जदाव्यांत प्रतिवादी बहुधा गप्पच राहत असे. दंग्यानंतर नेमलेल्या आयोगाने १८७६ साली सादर केलेल्या अहवालात, बहुसंख्य दावे एकतर्फी निकालात निघत असल्याची नोंद केली आहे. कोर्ट गावापासून दूर, जाण्यायेण्यास खर्च, वकील परवडत नाही, समन्स पोचल्याची शाश्वती नाही. ही कारणे तर उघडच आहेत. परंतु आमच्या मते याहून खोल कारण एक होते. शेतकरी हजर झाला असता तरी त्याला जे उत्तर खरोखर द्यावयाचे होते, ते कायद्याच्या दृष्टीने सर्वांत महागडे उत्तर होते.

हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. उदाहरण कल्पित आहे, परंतु त्यातील रीत त्या काळची आहे. एका कुणब्याने सावकाराकडून ५० रुपये रोख घेतले, व्याज दरमहा दर शेकडा दोन रुपये. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागे. म्हणून मुदत संपत आली की सावकार रोखा बदलून घेई. तीन वर्षांचे व्याज ३६ रुपये झाले. त्यात आणखी १४ रुपये रोख देऊन १०० रुपयांचा नवा रोखा झाला. पुढील तीन वर्षांत त्यावर ७२ रुपये व्याज चढले. कुणब्याने २२ रुपयांचे धान्य घातले, त्याची पावती नाही. बाकी १५० रुपयांचा तिसरा रोखा झाला. आणखी तीन वर्षे संपता संपता सावकाराने २५८ रुपयांचा दावा लावला. वादपत्रात फक्त तिसरा रोखा आहे. '१५० रुपये रोख पावले' असे त्यात लिहिले आहे आणि खाली कुणब्याची निशाणी आहे.

आता कुणब्याने काय सांगावे? 'रोखा माझा नव्हे' असे मिथ्योत्तर त्याने दिले असते तर भार सावकारावर गेला असता. पण ते खोटे झाले असते, आणि रोखा लिहिणारा व त्यावर साक्षी घातलेले दोघे गावातच हजर होते. त्याचे खरे उत्तर असे होते की, निशाणी माझी, पण दीडशे रुपये मला कधी मिळाले नाहीत. मिळाले ते चौसष्टच, आणि बावीस मी फेडले. हे शुद्ध कारणोत्तर आहे. न्यायाधीशाने त्यावरून मुद्दे काढले असते ते असे: रोख्याचा मोबदला आपणास पावला नाही हे प्रतिवादी शाबीत करतो काय? २२ रुपयांची फेड तो शाबीत करतो काय? दोन्ही मुद्द्यांचा भार प्रतिवादीवर, आणि त्याच्याजवळ ना पावती ना वही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने लेखी कराराच्या अटींविरुद्ध तोंडी पुरावा देण्यास सर्वसाधारण मनाई केली होती. मोबदला मिळाला नाही हे तोंडी दाखविण्याची वाट त्या कायद्यानेच एका अपवादाने मोकळी ठेवली होती, हे खरे. परंतु वाट मोकळी असणे आणि तीवरून ओझे घेऊन चालता येणे यांत अंतर आहे. रोख्यातील 'रोख पावले' हे शब्द त्याच्याच कबुलीचे म्हणून त्याच्यापुढे ठेवले जात.

अशा स्थितीत घरी बसणे व कोर्टात जाणे यांचा परिणाम एकच होता, आणि पहिल्याला खर्च कमी होता. कागद जाळण्यामागील तर्कही यावरून कळतो. उत्तरपाद निरुपयोगी ठरला असता शेतकऱ्याच्या हातात क्रियापादच उरला, आणि तोही फक्त नष्ट करण्यापुरता.

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, जो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला व आता अमलात नाही, त्याची थोरवी बहुधा व्याजाच्या व अटकेच्या संदर्भात वर्णिली जाते. पैशाच्या हुकूमनाम्याच्या बजावणीत शेतकऱ्यास कैद करण्याची पद्धत त्याने बंद केली, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि कार्यपद्धतीच्या दृष्टीने त्याचे सातवे व बारावे कलम अधिक धाडसी आहे. सातव्याने न्यायालयावर असे बंधन घातले की, अगदी अनावश्यक वाटल्याखेरीज, व तसे वाटल्याची कारणे लेखी नमूद केल्याखेरीज, प्रतिवादीची साक्षीदार म्हणून जबानी घ्यावी. बाराव्याने सांगितले की, रकमेविषयी वाद असल्यास दोन्ही पक्षांच्या जबान्या घेऊन व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास न्यायालयाने स्वतः तपासावा; फसवणूक, चूक वा गैरवाजवी दडपण यांचा बचाव आहे काय ते पाहावे व हिशेब करावा. इतकेच नव्हे, तर शेतकऱ्याने रक्कम कबूल केली तरी ती कबुली खरी असून आपले कायदेशीर हक्क पूर्णपणे जाणून दिलेली आहे असे न्यायालयास वाटले, आणि त्याची कारणे त्याने लिहून ठेविली, तरच ही चौकशी टाळता येत असे.

मिताक्षरेच्या परिभाषेत बोलावयाचे तर संप्रतिपत्तीलाही पुरेसे उत्तर न मानण्याचा हा प्रकार होता. परस्परविरोधी पक्षांच्या वादातून मुद्दा जन्मास येतो हे तत्त्व येथे सोडून दिले आहे. नकार देणारा नसेल तर न्यायाधीशाने तो स्वतः शोधावा, असा या कलमांचा आशय आहे.

वरील दावा या कायद्याखाली कसा सुटतो ते पाहू. तिसऱ्या रोख्याच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे पहिला, असे मागे जावयाचे. मुद्दलाच्या खात्यात प्रत्यक्ष हाती पडलेली रक्कमच धरावयाची, म्हणजे ५० आणि १४ मिळून ६४ रुपये. व्याजाचे मुद्दल होऊ द्यावयाचे नाही. ठरलेला दर अवाजवी वाटल्यास वाजवी दर लावावयाचा. तो दरमहा शेकडा एक रुपया धरू. पन्नास रुपयांवर नऊ वर्षांचे व्याज ५४ रुपये, चौदा रुपयांवर सहा वर्षांचे सुमारे १० रुपये, एकूण ६४. त्यातून धान्याचे २२ वजा जाता ४२ उरतात. व्याज मुद्दलापेक्षा अधिक नाही, तेव्हा दामदुपटीचा नियमही येथे आड येत नाही. हुकूमनामा सुमारे १०६ रुपयांचा होतो आणि न्यायालयास तो हप्त्यांनी फेडण्यास सांगता येतो. २५८ आणि १०६ यांतील अंतर हे कायद्याच्या दयाळूपणाचे फळ आहे असे म्हणणे अपुरे आहे. दर वगळता ते सारे अंतर पूर्वी कोणीही न विचारलेल्या प्रश्नांचे आहे.

धान्याच्या बावीस रुपयांचा प्रश्न मात्र या चौकशीनेही सहज सुटत नसे. जबानीत शेतकरी सांगे, सावकार नाकारी, आणि वहीत नोंद नसे. न्यायाधीशाने प्रश्न विचारले तरी पुरावा निर्माण होत नाही. याची जाणीव कायदा करणाऱ्यांना होती. म्हणून पुढील व्यवहारांसाठी शेतकऱ्यास लेखी पावती मागण्याचा, वार्षिक हिशेब मिळण्याचा व खातेपुस्तकाचा हक्क त्याच कायद्यात दिला गेला. कामाच्या ओझ्यामुळे व्यवहाराचा इतिहास तपासण्याचे काम जेथे वरवर झाले, तेथे बारावे कलम निकालपत्रातील एका ठराविक वाक्यापुरतेच उरले असणार, हेही नमूद केले पाहिजे.

सावकारांनी यावर शोधलेला तोडगा पद्धतशीर होता. रोख्याचा वा गहाणाचा इतिहास न्यायालय उकरते, तर तो दस्तच लिहावयाचा नाही. जमिनीचे सरळ खरेदीखत करून घ्यावयाचे आणि परतीचे वचन तोंडी ठेवावयाचे. मग दाव्यातील पहिलाच मुद्दा 'दस्त गहाणाचा की खरेदीचा?' असा होई, आणि लेखाविरुद्ध तोंडी पुराव्याच्या मनाईवर तो अडे. ती मनाई शेतकऱ्यांच्या अशा व्यवहारांपुरती दूर करून दस्तामागील खरे स्वरूप तपासण्याची मुभा देणारे कलम '१० अ' कायद्यात घालावयास १९०७ साल उजाडले.