छोट्या लॅबचा हिशेब : मशीन बंद पडायच्या आधीच नव्या मशीनचे पैसे कसे जमवायचे?

वाशीम जिल्ह्यात कारंजा, मंगरूळपीर, रिसोडसारख्या गावी लॅब टाकायची म्हटली की घरात पहिला प्रश्न येतो, रोज किती पेशंट येतील? आम्ही इथे एकच मशीन घेऊन हिशेब मांडतो आहोत: सीबीसी करणारा सेल काउंटर. आकडे उदाहरणाचे आहेत, आपापल्या गावचे दर घालून पाहावेत.

उत्पन्न

समजा, महिन्याला २६ दिवस काम आणि २६० सीबीसी होतात. त्यातल्या ३० शिबिरात किंवा ओळखीत फुकट गेल्या. उत्पन्न २३० चेच धरायचे. २०० रुपये दराने ४६,००० रुपये.

रिएजंट

रिएजंट मात्र फुकट तपासणीलाही लागते. शिवाय रोज एक कंट्रोल, म्हणजे २६, आणि शंका आली म्हणून पुन्हा लावलेले १४ नमुने. मशीन एकूण ३०० वेळा चालले. प्रत्येक वेळी २२ रुपये, म्हणजे ६,६००. सकाळ-संध्याकाळच्या धुलाईचे रोज ४० प्रमाणे १,०४०. झाले ७,६४० रुपये. कंपनीचा माणूस २२ रुपये सांगतो, पण पैसे मिळालेल्या प्रत्येक तपासणीमागे खर्च ३३ रुपये पडतो. बाटली उघडल्यावर तिची मुदत कमी होते, त्यामुळे काम कमी असेल तर उरलेले फेकावे लागते आणि हा आकडा आणखी वाढतो.

घसारा आणि बदली निधी

मशीन ३ लाखांचे, सात वर्षे चालेल, शेवटी २० हजारांना विकले जाईल. घसारा दरमहा ३,३३३ रुपये. पण वहीत घसारा लिहिला म्हणून पैसे साठत नाहीत. ते वेगळ्या खात्यात टाकावे लागतात. आणि तेव्हा नवे मशीन ४ लाखांना मिळणार असेल तर ३,३३३ टाकूनही एक लाख कमी पडतात. म्हणून ३,८०,००० भागिले ८४ महिने, म्हणजे दरमहा ४,५२४ रुपये. व्याज आम्ही धरलेले नाही.

सोपी रीत अशी: पैसे मिळालेल्या प्रत्येक सीबीसीमागे २० रुपये रोज संध्याकाळी बाजूला काढा. पावसाळ्यात तापाचे पेशंट वाढले की जास्त जमतील, एरवी कमी. वर्षाअखेर ५४,२८८ झाले का पाहा, कमी असतील तर भरून काढा.

आता उरले ३३,८३६. पॅथॉलॉजिस्टची फी, भाडे, वीज, पगार, दुरुस्तीचा करार, सगळे यातूनच. निधी काढला नाही तर ३८,३६० दिसतात आणि तेवढे घरखर्चात जातात. दुरुस्तीसाठी निधीला हात लावू लागलात, की समजा सातव्या वर्षी कर्ज काढावे लागणार.

कंपनी मशीन फुकट ठेवून फक्त रिएजंट विकत घ्यायला सांगत असेल तर हा निधी लागत नाही. पण मग रिएजंटचा दर आणि दरमहा किती घ्यायचेच याची अट, दोन्ही सही करण्याआधी वाचा.