मागच्या सीटचा पट्टा : एका उशिरा आलेल्या संरक्षणाचा इतिहास

🧵

१/ ३ जून २०१४. दिल्लीतील सकाळ. केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे विमानतळाकडे निघाले असताना त्यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीची धडक बसली. मुंडे मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मानेच्या मणक्यांना आणि यकृताला झालेल्या जबर इजेने त्यांचा अंत झाला.

२/ ४ सप्टेंबर २०२२. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळचा सूर्या नदीवरील पूल. मोटार पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघे गेले. त्यांपैकी एक होते उद्योगपती सायरस मिस्त्री. मागच्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता.

३/ मोटार उच्च दर्जाची होती, तरीही मृत्यू मागच्या सीटवरच आला. आपल्याकडे मान मागच्या सीटला असतो. साहेब मागे, आजी-आजोबा मागे, बाळंतीण मागे, पोरेबाळे मागे. पुढे चालक आणि फार तर एक जण. म्हणजे कुटुंबातील बहुतेक माणसे जिथे बसतात, त्या जागेच्या संरक्षणाचा इतिहास पाहायला हवा. तो पुढच्या सीटच्या इतिहासाहून बराच निराळा आहे.

४/ आरंभ स्वीडनमध्ये. नील्स बोलिन हे अभियंता आधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या उत्क्षेपण-आसनांवर काम करीत. १९५८ मध्ये ते व्होल्वोत आले. तोवर मोटारींत असलाच तर कमरेभोवतीचा साधा पट्टा असे. बोलिन यांनी एकच पट्टा खांद्यावरून छातीवर तिरपा आणि मग मांड्यांच्या वर आडवा नेला, आणि दोन्ही भाग कमरेशेजारी खाली एका ठिकाणी अडकवले. एका हाताने लावता येणारा हा तीन बिंदूंचा पट्टा १९५९ पासून व्होल्वोच्या मोटारींत आला. कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला.

५/ या रचनेचे मर्म जागेच्या निवडीत आहे. शरीरात आघात सोसू शकणारी हाडे मोजकीच : ओटीपोटाखालचे कटीचे हाड, बरगड्यांचा पिंजरा आणि खांद्याचे हाड. बोलिन यांचा पट्टा नेमका या हाडांवरून जातो. पोट मऊ असते, म्हणून त्याला त्यांनी मोकळे ठेवले. मात्र हा पट्टा आरंभी आला तो पुढच्या सीटवर.

६/ मागे काय आले? अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींत पट्टे सक्तीचे झाले. पुढच्या बाहेरील जागांना खांद्याचा पट्टा मिळाला आणि मागच्यांना केवळ कमरेचा. धडक बसताच असा प्रवासी कमरेतून चाकूच्या पात्यासारखा मिटतो. डोके पुढच्या सीटवर आदळते. पट्टा कटीच्या हाडावरून निसटून पोटात शिरला, तर आतडी फाटतात आणि कण्याचा मणका आडवा उलतो.

७/ मणक्याच्या या आडव्या भंगाचे वर्णन ब्रिटिश क्ष-किरणतज्ज्ञ जी. क्यू. चान्स यांनी १९४८ मध्येच केले होते. त्याला आजही ‘चान्स फ्रॅक्चर’ म्हणतात. पुढे कमरेचे पट्टे आले आणि शल्यविशारदांना हीच इजा पोटावरच्या आडव्या जांभळ्या वळासह दिसू लागली. १९६२ मध्ये वैद्यकीय वाङ्मयात ‘सीटबेल्ट सिंड्रोम’ हे नावही रूढ झाले. पट्टा जीव वाचवीत होता आणि चुकीच्या जागी असल्यामुळे घातही करीत होता.

८/ १९८६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने समोरासमोरच्या २६ अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमरेच्या पट्ट्यानेच काही प्रवाशांना गंभीर इजा झाल्याचे त्यात स्पष्ट मांडले होते. यानंतर मागच्या बाहेरील दोन जागांना खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला तो डिसेंबर १९८९ पासून. मधल्या जागेला तो देण्याचा कायदा २००२ मध्ये झाला आणि सर्व नव्या मोटारींना लागू व्हायला २००७ उजाडले. बोलिन यांच्या पट्ट्यानंतर ४८ वर्षांनी!

९/ वापराच्या सक्तीतही तीच उतरंड. ब्रिटनमध्ये पुढच्या सीटवर पट्टा सक्तीचा झाला ३१ जानेवारी १९८३ रोजी. मागे बसलेल्या मुलांसाठी १९८९ मध्ये आणि मागच्या प्रौढांसाठी १९९१ मध्ये. जपानने मागच्या सीटसाठी सर्वसाधारण सक्ती २००८ मध्ये केली. ‘पुढची सीट हे आपले चिलखत’ हा समज सगळ्याच देशांत होता.

१०/ हा समज थोड्या गणितावर तपासू. मोटार ताशी ५० किमी वेगाने भिंतीवर आदळली आणि तिचा पुढचा भाग सुमारे ६० सेंमी चेपला, असे धरा. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. हा वेग अंदाजे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्याइतका आहे. पट्टा लावलेला माणूस मोटारीबरोबर त्या ६० सेंमीत थांबतो. त्याच्यावर सरासरी स्वतःच्या वजनाच्या सुमारे १६ पट जोर येतो. पट्टा योग्य हाडांवर असेल तर शरीर तो बहुधा सोसते.

११/ पट्टा नसलेला माणूस मोटार थांबत असताना पुढे जातच राहतो. मग पुढच्या सीटच्या पाठीवर समजा १० सेंमीत थांबतो. अंतर सहापट कमी, म्हणून जोर सहापट अधिक, जवळपास १०० पट. मांडीवरच्या १० किलोच्या बाळाचे गणितही करून पाहा. मोटारीबरोबरच थांबवायचे म्हटले तरी ते बाळ क्षणभर १६० किलोचे होते. तेवढे ओझे आईच्या हातांत राहणे अशक्य. आणि आईने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर तिचाच भार बाळावर येतो.

१२/ पुढे बसलेल्यांचे काय? जपानमधील संशोधकांनी १९९५ ते १९९९ या काळातील एक लाखाहून अधिक अपघातांच्या नोंदी तपासल्या. तो निबंध २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मागच्या प्रवाशाने पट्टा लावलेला नसेल, तर पुढे पट्टा लावून बसलेल्याचा मृत्यूचा धोका सुमारे पाचपट होतो, असे त्यांना आढळले. मागून येणारे ६० किलोचे शरीर पुढच्या सीटला आणि तीवरच्या माणसाला आपल्या पट्ट्यात चिरडते.

१३/ आता डोक्यामागची उशी, म्हणजे हेडरेस्ट. ती विश्रांतीसाठी असते असे नावावरून वाटते. तिचे खरे काम मागून धडक बसल्यावर सुरू होते. सीट पाठीला पुढे ढकलते, डोके मात्र जडत्वामुळे मागे राहते आणि मान आसुडासारखी वळते. अमेरिकेने १९६९ पासून ती पुढच्या बाहेरील सीटना सक्तीची केली. मागच्या सीटना तिची सक्ती तिथे आजही नाही. ती दिलीच, तर किमान उंचीचे निकष पाळावे लागतात, इतकेच.

१४/ म्हणूनच मागे अनेकदा ठेंगणी, सीटच्या पाठीतूनच घडवलेली किंवा चालकाला मागचे दिसावे म्हणून पूर्ण खाली दाबलेली उशी आढळते. उंच माणसाची मान अशा उशीच्या वरच्या कडेवर टेकते. मग ती कडाच टेकू होते आणि मान तिच्यावरून मागे मोडते. उशीचा माथा डोक्याच्या माथ्याइतका, निदान कानाच्या वरच्या टोकाइतका हवा. डोके आणि उशी यांत चार बोटांहून अधिक अंतर नको. रांगणाऱ्या वाहतुकीत मागून ठोकर बसणे नित्याचे असते, तिथे याची किंमत कळते.

१५/ गेल्या ३० वर्षांत पुढच्या सीटचे संरक्षण झपाट्याने सुधारले. एअरबॅग आली. धडक बसताच पट्टा क्षणार्धात खेचून घट्ट करणारा ‘प्रीटेन्शनर’ आला. छातीवरचा ताण ठरावीक मर्यादेला पोहोचला की पट्टा किंचित सैल सोडणारा ‘लोड लिमिटर’ आला. ही दोन साधने अनेक मोटारींत मागे पोहोचलीच नाहीत. परिणामी मागे पट्टा लावलेल्या माणसाच्या, विशेषतः वृद्धांच्या, बरगड्या त्याच पट्ट्याखाली मोडण्याचा धोका राहिला.

१६/ २०२२ च्या अखेरीस अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने आपल्या जुन्या चाचणीत चालकाच्या मागे लहानखुऱ्या स्त्रीच्या बांध्याचा पुतळा बसवला. १५ छोट्या एसयूव्ही आदळून पाहिल्या. मागच्या प्रवाशाची बाजू जोडल्यावर सर्वोत्तम श्रेणी केवळ दोघींना मिळाली. याचा अर्थ मागची सीट आधीपेक्षा वाईट झाली असा नाही. पुढची पुढे गेली आणि मागची तिथेच राहिली. लहान मुलांची जागा आजही मागेच, त्यांच्या वयाजोग्या बालआसनात.

१७/ भारतात मागे पट्टा लावण्याची तरतूद मुंडे यांच्या अपघाताच्या आधीपासून होती. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८(३) पुढे तोंड केलेल्या मागील सीटवरील प्रवाशांचाही उल्लेख करतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-बी आणून १,००० रुपये दंड ठरवला. पण शोभेचे सीटकव्हर घालताना मागची बकले त्याखाली गाडली जातात, आणि नियमही तिथेच गाडला जातो.

१८/ पट्ट्यालाही मर्यादा आहेत. धडक आपल्याच दारावर बसली, तर तो फारसे अंतर निर्माण करू शकत नाही. तिथे दाराचा सांगाडा आणि छतालगतची पडदा-एअरबॅग कामी येते. अतिवेगात चेपण्याची जागाच संपते. आणि आडवा भाग पोटावर ठेवला, तर १९६२ चाच सीटबेल्ट सिंड्रोम परत येतो. गरोदर स्त्रीने तो पोटाखालून, मांड्यांच्या मुळाशी घ्यावा आणि तिरपा भाग स्तनांच्या मधून न्यावा.

१९/ कुटुंबासाठी मोटार पाहायला जाल, तेव्हा दालनात आधी मागे बसा. मधल्या जागेला खांद्याचा पट्टा आहे की नुसता कमरेचा? घरातील सर्वांत उंच माणसाच्या डोक्यामागे उशी पोहोचते का? मागच्या पट्ट्यांना प्रीटेन्शनर आणि लोड लिमिटर आहेत का, हे लेखी विचारा. अनेकदा विक्रेत्याला ठाऊक नसते, माहितीपत्रकात मात्र लिहिलेले असते. आणि घरी उभ्या असलेल्या मोटारीत आजच सीटकव्हरखाली हात घालून तिन्ही बकले वर काढा.

(समाप्त)